सरबतातली पट

एका भांड्यात 1 वाटी अमृत कोकम आणि 4 वाट्या पाणी. शेजारच्या भांड्यात 2 वाट्या अमृत कोकम आणि 5 वाट्या पाणी. कोणतं सरबत जास्त गोड? सहावी-सातवीच्या वर्गात हा प्रश्न विचारला की काही मुलं ठामपणे सांगतात, "दोन्ही सारखीच." कारणही देतात: दोन्हीकडे पाणी तीनच वाट्यांनी जास्त आहे. त्यांची वजाबाकी बरोबर असते, पण त्यांना फरक दिसतो, पट दिसत नाही. गुणोत्तर शिकवताना खरा अडसर असतो तो इथेच.

ही खोड फक्त आपल्याकडच्या मुलांची नाही. इंग्लंडमध्ये 1970 च्या दशकात कॅथलीन हार्ट यांनी मुलांना सूपची कृती देऊन, माणसं कमी झाल्यावर जिन्नस किती लागतील, असं विचारलं होतं. निम्म्या माणसांचं मुलांना सहज जमलं. आठांची कृती सहांसाठी करायची म्हटल्यावर मात्र बरीच मुलं अडखळली. म्हणून वर्गात फक्त दुप्पट आणि निम्मं विचारून थांबलो, तर कुणाला पट समजली आणि कुणाला नाही, हे कळतच नाही.

सरबताचा फायदा असा की चुकीचा निवाडा शिक्षकाला करावा लागत नाही, जीभच तो करते. वाटी मात्र एकच हवी आणि प्रत्येक वेळी काठोकाठ भरलेली. दोन्ही मिश्रणं नीट ढवळून काचेच्या पेल्यांत ओतावीत आणि पेल्यांमागे पांढरा कागद धरावा. रंगातला फरक आधी दिसतो. मग कोणता पेला कुठल्या भांड्यातला हे न सांगता चमचाभर चाखायला द्यावं. 2 ला 5 चं सरबत स्पष्ट गोड लागतं. "सारखीच" म्हणणारं मूल इथे थबकतं. तेव्हा लगेच नियम सांगून टाकू नये. त्याला विचारावं, "दुसऱ्या भांड्यात आणखी किती पाणी घातलं, तर चव पहिल्यासारखी होईल?" मुलं एकेक वाटी पाणी घालून चाखत जातात. तिसऱ्या वाटीनंतर, म्हणजे 2 ला 8 झाल्यावर, चव जुळते.

आता फळ्यावर दोन ओळींचा तक्ता काढायचा. वरच्या ओळीत कोकम 1, 2, 3, 4 आणि खालच्या ओळीत पाणी 4, 8, 12, 16. कोकम आणि पाणी यांतला फरक तीन, सहा, नऊ असा वाढत जातो. चौपट मात्र तशीच राहते. 1:4 हे चिन्ह याच्यानंतर यावं, आधी नाही. चव घेतलेल्या मुलाला त्या दोन टिंबांत काय राखलं आहे, हे ठाऊक असतं.

जिभेलाही मर्यादा आहे, आणि ती मुलांना मुद्दाम दाखवावी असं मला वाटतं. 2 ला 5 आणि 3 ला 8 ही दोन सरबतं समोर ठेवली तर चवीवरून काही ठरत नाही. वर्गात दोन तट पडतात. मग पुन्हा तक्त्याकडे यायचं. पहिलं तिप्पट केलं की 6 ला 15 आणि दुसरं दुप्पट केलं की 6 ला 16. कोकम सारखंच झालं आणि दुसऱ्यात पाणी एक वाटी जास्त निघालं, म्हणजे पहिलं किंचित गोड. जिथे जीभ थांबते, तिथे गणिताची गरज मुलांना आपसूक पटते.

दुसरी हमखास चूक सगळ्या वर्गासाठी सरबत करताना होते. 30 मुलांना प्रत्येकी 200 मिलिलिटर, म्हणजे 6 लिटर सरबत हवं. कोकम किती? 1:4 पाहून मुलं 6 लिटरला चाराने भागतात आणि दीड लिटर सांगतात. त्यांना म्हणावं, "मग पाणी किती उरलं?" साडेचार लिटर, म्हणजे कोकमच्या तिप्पटच. चौपट हवं होतं. एक भाग कोकम आणि चार भाग पाणी मिळून पाच भाग होतात. म्हणून कोकम 1 लिटर 200 मिलिलिटर आणि पाणी 4 लिटर 800 मिलिलिटर. उत्तराची अशी उलट तपासणी मुलांनी स्वतः करावी, वहीवर शिक्षकाची खूण येण्याची वाट पाहू नये.

तक्ता हाती आला की मुलं तो सगळीकडे लावू पाहतात. त्यामुळे शेवटी एक प्रश्न विचारायलाच हवा: चार जणांच्या खिचडीला कुकरच्या तीन शिट्ट्या लागतात, तर आठ जणांच्या खिचडीला किती? पुष्कळ हात सहा म्हणत वर येतील. तांदूळ आणि डाळ दुप्पट होतात, शिट्ट्या होत नाहीत. शिट्ट्यांमधून दाण्यांना शिजायला वेळ मिळतो आणि प्रत्येक दाण्याला तो साधारण तेवढाच लागतो. मोठा कुकर तापायला वेळ जास्त लागतो, पण तो पहिल्या शिट्टीच्या आधीच जातो. गृहपाठ म्हणून मुलांनी घरी स्वयंपाक करणाऱ्यांना विचारावं: माणसं दुप्पट झाली की काय दुप्पट घेता, फोडणीचं तेल किती वाढवता आणि कशाला हातच लावत नाही?