पाण्याचा ताळेबंद कसा वाचावा

वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या गावाच्या ताळेबंदाचा फलक तपासू. समजा, लोकसंख्या 1000, माणशी रोज 55 लिटर. म्हणजे वर्षाला सुमारे 20 टीसीएम. शंभर हेक्टर गव्हाला 400 मिलिमीटर धरले, तर 400 टीसीएम. हे आकडे वर्तुळात काढल्यास पिण्याच्या पाण्याची फाक इतकी बारीक होते की नाव बाहेर लिहावे लागते. शून्यापासून सुरू होणाऱ्या आडव्या पट्ट्या काढल्या, की वीसपट फरक लगेच कळतो. आकडा पट्टीच्या टोकाशीच हवा आणि ‘1 टीसीएम म्हणजे 10 लाख लिटर’ हे शीर्षकाखालीच. कोपऱ्यातली टीप कुणी वाचत नाही. क्रमही महत्त्वाचा: आधी उपलब्ध पाणी, मग गरज, शेवटी तूट. तूट आधी दिसली तर ती कशातून आली, हे उमगत नाही.