साहेब, फक्त एक मिनिट!

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना मी जे फाटे फोडले होते, त्यातले थोडे छाटलेत.

विषय आहे ऑफिसात सतत येणाऱ्या व्यत्ययांचा. आणि उदाहरण माझंच. आकुर्डीत एका छोट्या कारखान्याच्या इंजिनिअरिंग ऑफिसात मी बरीच वर्षं काढली. चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट पुरवणारा कारखाना. खाली मशीन शॉप, आणि लोखंडी जिना चढून वर आलं की एक लांबोडी खोली. तिच्यात आम्ही चौघं डिझाइन आणि प्रोसेसवाले, परचेसच्या मॅडम, क्वालिटीचे दोघं आणि डिस्पॅचचा एक जण. दार लावायची सोय नाही, आणि लावून चालणारही नाही, कारण खालचं मशीन अडलं तर माणूस वरच येणार. जिन्यावर बूट वाजले की आमच्यापैकी कोणाची तरी मान वर व्हायचीच.

आता चूक सांगतो. एका ब्रॅकेटसाठी ड्रिलिंगचं फिक्स्चर काढत होतो. जॉबला 12 मिमीची दोन भोकं, त्यांवरच तो फिक्स्चरवर बसणार. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे की अशा ठिकाणी एक पिन गोल ठेवतात आणि दुसरी डायमंड, म्हणजे दोन बाजूंनी तासलेली. कारण दोन भोकांमधलं अंतर प्रत्येक जॉबला थोडं वेगळं येतं. आमच्या जॉबला ते ±0.05 चालत होतं. भोक H7 आणि पिन g6 धरली, तर 12 मिमीला कमीत कमी फट 0.006 येते आणि जास्तीत जास्त 0.035. दोन्ही पिना गोल ठेवल्या तर ±0.05 चा फरक या फटीत मावत नाही. म्हणून दुसरी पिन डायमंड, आणि तिची तासलेली मोकळी बाजू दोन्ही पिनांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने.

माझी पद्धत अशी होती: पहिली गोल पिन काढायची, तिची कॉपी दुसऱ्या जागी टाकायची, मग ती बदलून डायमंड करायची. कॉपी टाकली आणि डिस्पॅचवाला म्हणाला, "साहेब, फक्त एक मिनिट. त्या पार्टचं रिव्हिजन सी चालू आहे की डी?" मी म्हणालो, डी. दहा सेकंदही गेले नसतील. पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं, दोन्ही जागी पिना दिसल्या, आणि मी पुढच्या क्लॅम्पकडे वळलो.

फिक्स्चर बनून आलं. पहिले दोन-तीन जॉब छान बसले, म्हणून कोणालाच शंका आली नाही. चौथा अडकला. मग एक बसला, एक अडकला. सेटर म्हणाला भोकं वाकडी, क्वालिटी म्हणाली भोकं मापात आहेत. दीड दिवस आम्ही जॉबच मोजत बसलो. शेवटी कोणीतरी पिनेकडे बोट दाखवलं, तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

हे इतकं लांबण लावून सांगायचं कारण असं, की व्यत्ययाचा तोटा आपण वेळेत मोजतो. दहा सेकंद गेले, बिघडलं काय? पण बिघडतं ते दुसरीकडे. अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या एरिक ऑल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठरावीक क्रमाने करायच्या कामात त्यांनी मधेच अगदी छोटा अडथळा आणला, सरासरी फक्त 2.8 सेकंदांचा. तेवढ्यानेच क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं. माणसाला काम पुन्हा सुरू करता येत होतं, पण कुठल्या पायरीवर होतो हे तो चुकत होता. माझंही नेमकं तेच झालं. अर्धवट काम पूर्ण झाल्यासारखं दिसत होतं, आणि मला वाटलं की ते झालंय.

म्हणून पहिला बदल केला तो माझ्याच टेबलावर. कोणी हाक मारली की आधी बोट वर करायचं, एका चिठ्ठीवर पुढची पायरी लिहायची, आणि मग मान फिरवायची. "कॉपी टाकली, आता डायमंड कर, मोकळी बाजू रेषेत." एवढंच. समोरचा पाच-सात सेकंद थांबतो. सुरुवातीला लोकांना ते उर्मटपणाचं वाटतं, म्हणून मी सगळ्यांना एकदा त्या पिनेची गोष्ट सांगून ठेवली. दुसरं, अर्धवट काम अर्धवटच दिसेल असं ठेवायला लागलो. कॉपी टाकलेली पिन मी आता लगेच लाल रंगात करतो आणि डायमंड झाल्यावरच तिचा रंग बदलतो. चिठ्ठी विसरली तरी लाल पिन विसरत नाही.

संघटनशास्त्राच्या अभ्यासक सोफी लेरॉय यांनी 2018 मध्ये थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासोबत केलेल्या अभ्यासातही याच्याशी जुळणारं निघालं. काम सोडताना "परत आल्यावर काय करायचं" हे थोडक्यात लिहून ठेवलं, तर मधल्या कामावर लक्ष जास्त चांगलं लागतं. म्हणजे चिठ्ठीचा फायदा हाक मारणाऱ्यालाही होतो. त्याचं बोलणं आपण नीट ऐकतो.

पण चिठ्ठीने चुका कमी होतात, हाका कमी होत नाहीत. त्यासाठी आम्ही चौघांनी आठवडाभर एक साधी वही ठेवली. कोण आलं, काय विचारलं, आणि त्या वेळी मशीन बंद होतं का. आठवड्याअखेर बेरीज केली तर साठेक हाका होत्या. त्यातल्या मशीन खरोखर बंद असलेल्या सात. आणि एकोणीस हाका एकाच प्रश्नाच्या होत्या: कुठलं रिव्हिजन चालू आहे? तो डिस्पॅचवाला उगाच त्रास देत नव्हता हो! खाली मशीनवर जुनी ड्रॉइंग पडलेली होती, ती परत गोळा करायचं काम आमचं होतं आणि आम्ही ते करत नव्हतो. मग स्टोअरजवळच्या फळ्यावर चालू रिव्हिजनची यादी लावली, जुन्या कागदांवर "रद्द" शिक्का मारून ते वर आणले. दोन आठवड्यांत तो प्रश्न जवळपास बंद झाला. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा इथे झाला, आणि त्यात लक्ष एकाग्र करण्याशी संबंधित काहीच नव्हतं.

उरलेल्या हाकांसाठी डोक्यात होता अँडन. असेंब्ली लाइनवर काम केलेल्यांना तो सांगायला नको. टोयोटाच्या पद्धतीत कामगाराला अडचण आली की तो दोरी ओढतो, दिवा लागतो, आणि धावत येतो तो त्या टीमचा लीडर. सगळा कारखाना धावत येत नाही. आमच्याकडे उलटं होतं. एक दोरी ओढली की चौघांच्या माना वर.

आम्ही ठरवलं की सकाळी साडेनऊ ते साडेअकरा चौघांपैकी एक जण "खिडकी". तो जिन्याच्या तोंडाशी बसणार, येणारा प्रत्येक जण त्याच्याशीच बोलणार. दुसऱ्या दिवशी दुसरा. हीच वेळ का, तर वहीत दिसलं की साडेआठला ऑफिस उघडल्यावर तासभर रात्रपाळीचं साचलेलं येतं, आणि जेवणानंतर गाडी भरायची घाई असते. ते तास वाचवायला गेलं तर भांडणं होतात. मधले दोन तास वाचवता येतात. फळ्यावर एक ओळ लिहिली: मशीन बंद असेल, जॉब रिजेक्ट निघत असतील किंवा कोणाला लागलं असेल, तर कोणालाही, कधीही हाक मारा. बाकी सगळं खिडकीच्या क्लिपबोर्डवर: पार्ट नंबर, प्रश्न, उत्तर कधीपर्यंत हवं.

या सगळ्याचा जीव साडेअकराच्या फेरीत आहे. बरोबर साडेअकराला खिडकीवाल्याने क्लिपबोर्ड घेऊन खाली उतरायचं आणि प्रत्येकाला त्याच्या मशीनपाशी उत्तर द्यायचं, किंवा "तीन वाजता देतो" म्हणून तीनला द्यायचं. पहिल्या महिन्यात आम्ही दोनदा ही फेरी चुकवली, आणि तिसऱ्या दिवशी बूट पुन्हा थेट टेबलापर्यंत आले. लोकांना उत्तर मिळायची खात्री नसेल तर ते थांबत नाहीत, आणि त्यांनी का थांबावं?

बिघडायला लागलंय हे कळतं कसं? एक, "मशीन बंद आहे" म्हणून येणाऱ्या हाका अचानक वाढतात. शॉपच्या बंद वेळेच्या रजिस्टरशी ताडून पाहा, जुळणार नाहीत. दोन, क्लिपबोर्ड कोरा, पण टेबलावरचे फोन वाजतायत. दोन्हीचा अर्थ एकच, आपली उत्तरं उशिरा जातायत.

खिडकीवाल्याचं त्या दोन तासांत स्वतःचं काम होत नाही, हे आधीच धरा. त्याला बिल तपासणं, कागद लावणं असलं तुटक काम द्या. ऑफिसात एकटाच इंजिनिअर असेल तर ही पद्धत लागू पडत नाही. त्याने वही आणि चिठ्ठी एवढ्यावरच भागवावं.

राहिले मालक. तेच सगळ्यात जास्त हाका मारायचे! लेस्ली पर्लो यांचा 1999 चा एक अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. एका सॉफ्टवेअर टीममध्ये आठवड्यातले तीन दिवस दुपारपर्यंत शांत वेळ ठेवली, काम सुधारलं, पण अभ्यास संपल्यावर ती पद्धत टिकली नाही. कौतुक अजूनही आग विझवणाऱ्याचंच होत होतं. आमच्या मालकांना एकाग्रता वगैरे मी सांगितलंच नाही. त्या फिक्स्चरपायी गेलेले दीड दिवस आणि त्या काळात अडलेले जॉब एका कागदावर मांडून दिले. ते म्हणाले, "बरं, साडेअकरापर्यंत मी पण खिडकीलाच विचारतो." आठवड्यातून एकदा विसरतात, चालायचंच.

महिन्याचे शेवटचे दोन दिवस मात्र आम्ही खिडकी बंदच ठेवतो. डिस्पॅचची घाई इतकी असते की कोणी पाळणार नाही, आणि न पाळलेला नियम पुढच्या महिन्यातही पाळला जात नाही. त्या दोन दिवसांत नवीन फिक्स्चर कोणी हातात घेत नाही.

तुमच्या ऑफिसात वही ठेवलीत, तर सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न कोणता निघाला ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.