दुबईहून पार्थिव आणायचं, तर पत्रात काय लिहायचं?

समजा, संगमेश्वर तालुक्यातल्या एका घरी रात्री अकराला दुबईहून फोन येतो. बांधकामावर काम करणारा चाळिशीतला माणूस कामगारांच्या खोलीवर झोपेतच गेला. गावी बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. सकाळपर्यंत ओटीवर अख्खी वाडी जमते आणि कुणीतरी कागद पुढे सरकवतो : दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला पत्र लिहायचंय.

पहिलं पत्र बहुधा असं उतरतं : 'आमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे, तरी कृपा करून पार्थिव लवकरात लवकर पाठवावे.' त्यातला शब्द न् शब्द खरा असतो. पण तो वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पुढचं पाऊल टाकता येत नाही. पार्थिव कुणाच्या ताब्यात द्यायचं, कुठल्या विमानतळावर पाठवायचं, खर्च कोण करणार, यातलं त्याला काहीच कळलेलं नसतं.

म्हणून पत्राची सुरुवात नावाने करावी, आणि ते नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर तेच असावं. गावात 'बाळा' म्हणून ओळखला जाणारा माणूस कागदोपत्री वेगळाच असतो. मृत्यूचा दाखला, पासपोर्ट आणि विमानाचा कागद यांवरच्या नावांत फरक पडला, तर दुरुस्तीसाठी पुन्हा खेटे घालावे लागतात. त्यानंतर पासपोर्ट क्रमांक, मृत्यूची तारीख, पार्थिव कुठल्या शवागारात आहे ते, आणि मालकाचं नाव व फोन. पत्र इंग्रजीत असलं तर उत्तम. एका पानात मावतं.

या पत्राचा कणा म्हणजे संमतिपत्र. ते सर्वांत जवळच्या वारसाचं, म्हणजे इथे पत्नीचं, हवं आणि नोटरीकडून साक्षांकित केलेलं हवं. त्यात साधारण असा मजकूर येतो : 'माझ्या पतीचे पार्थिव मुंबईला पाठवण्यास माझी संमती आहे. तेथील सर्व कागदपत्रे करण्याचा अधिकार मी दुबईतील त्यांच्या सहकाऱ्यास देत आहे. मुंबई विमानतळावर माझा दीर पार्थिव ताब्यात घेईल.' दोघांची पूर्ण नावं, ओळखपत्रांचे क्रमांक आणि फोन खाली द्यायचे. भावाने परस्पर एक पत्र पाठवलं आणि बायकोने दुसरं, की काम तिथेच थांबतं. त्यामुळे घरातली चर्चा आधी उरकावी, मगच सही करावी.

तिकडे दुबईतला सहकारी मृत्यूचा दाखला आणि पोलिसांची परवानगी मिळवतो. ते कागद पाहून दूतावास मृत्यूची नोंद करतो, पासपोर्ट रद्द करतो आणि ना हरकत दाखला देतो. मग पार्थिवावर औषधप्रक्रिया होते, म्हणजे एम्बामिंग, आणि त्याचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांचा अहवाल लागतो आणि दिवस वाढतात. तो उशीर पत्राने टळत नाही, हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं.

पैशांचं स्पष्ट लिहावं, त्यात संकोच करू नये. संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार कायद्यात हा खर्च मालकावर आहे. म्हणून 'मालकाशी बोलून खर्चाची सोय करून द्यावी' असं दूतावासाला लिहावं. मालक हात वर करत असेल आणि घरचीही ऐपत नसेल, तर 'इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड'मधून मदत मागावी. 2009 साली सुरू झालेला हा निधी दूतावासांच्याच हाती असतो, पण परिस्थिती पाहून दिला जातो. तेव्हा घरात कमावतं दुसरं कोण आहे, हे पत्रात सांगावंच. हीच तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंदवली की तिला क्रमांक मिळतो आणि पाठपुरावा करता येतो.

विमान कंपनीचं पत्र वेगळं आणि ते कार्गो विभागाला जातं; शवपेटी तिकीट खिडकीवर बुक होत नाही. त्यात थेट मुंबईचं विमान मागावं, कारण मध्ये विमान बदललं की पेटी मागे राहण्याचा धोका वाढतो. 'एअर वे बिल'वर घेणाऱ्याचं जे नाव असेल, तेच ओळखपत्र घेऊन माणूस मुंबईच्या कार्गो विभागात उभा असला पाहिजे. भाड्यात सवलत हवी असेल तर ती याच पत्रात मागावी. 2019 मध्ये एअर इंडियाने वजनावर भाडं घेणं सोडून अमिरातीतून प्रौढ व्यक्तीच्या पार्थिवासाठी 1500 दिरहॅम असा एकच दर ठरवला होता. वजनावर भाडं घेऊ नये, ही तिथल्या भारतीयांची जुनीच मागणी होती.

भारतात उतरताना विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरीही लागते. त्यासाठी 2023 पासून 'ई-केअर' पोर्टल आहे. कागद तिथे आधीच चढवले की पेटी उतरल्यावर ताटकळावं लागत नाही.

घरातलं कुणी आखातात असेल, तर त्याच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, व्हिसाची प्रत आणि मालकाचा फोन नंबर आजच घरी लिहून ठेवा. शेवटच्या पानावर आईवडिलांचं आणि जोडीदाराचं नाव असतं. लग्नानंतर पासपोर्टवर बायकोचं नाव चढवलं नसेल, तर पुढच्या सुट्टीत तो आला की तेवढं काम करून घ्या.