दुखण्याची वही

विदर्भात तोंडाचा कर्करोग म्हटलं की खर्ऱ्याचा विषय निघतोच. भंडारा जिल्ह्यातले बरेच रुग्ण उपचारासाठी नागपूर गाठतात. आजार पुढे गेला, गालाला जखम झाली, की एक दिवस पिशवीत मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन ते गावी परततात. त्यानंतरचा दवाखाना घरातच असतो आणि केसपेपरच्या जागी येते पोरांची जुनी वही.

उदाहरणापुरता लाखांदूर तालुक्यातला साठीचा एक धान उत्पादक घेऊ. ट्रामाडॉलने भागेना म्हणून डॉक्टरांनी ते बंद करून मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची साधी गोळी दर चार तासांनी सांगितली. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ अशी एकेक गोळी, आणि रात्री १० ला दोन, म्हणजे २ वाजता उठायला नको. दिवसाचे झाले ६० मिलिग्रॅम. मधेच कळ उठली तर एक जादा गोळी, म्हणजे दिवसभराच्या मात्रेचा सहावा भाग. हे आकडे या रुग्णाचे आहेत. वय, किडनी आणि आधीची औषधं पाहून डॉक्टर निम्म्यापासूनही सुरुवात करतात.

साधी गोळी अर्ध्या तासात काम करू लागते, तासाभरात तिचा जोर पूर्ण येतो आणि चार तासांत ओसरतो. म्हणून ती दुखण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून द्यायची. तोंड उघडत नसेल तर ती कुटून पाण्यात मिसळून नाकातल्या नळीतून देता येते. बारा तास पुरणारी गोळी मात्र कधीही कुटायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं.

वहीत वेळ, गोळीआधीचं दुखणं शून्य ते दहात, तासानंतरचं दुखणं, जादा गोळी, झोप आणि संडास एवढंच लिहायचं. लिहिणारी बहुधा सूनबाई. ती विचारते, "बाबा, आता किती?" बाबा बोटं दाखवतात.

समजा, जादा गोळ्या लागल्या सकाळी ९, दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ला. तिन्ही वेळा पुढच्या गोळीच्या तासभर आधीच्या, म्हणजे मात्रा कमी पडते आहे. ६० आणि जादा ३० मिळून ९०. त्याचा सहावा भाग १५. डॉक्टर प्रत्येक वेळची मात्रा दीड गोळी करतात, रात्रीची तीन आणि जादाचीही दीड. हा निर्णय त्यांचा. घरच्यांनी फोनवर वही वाचून दाखवायची.

त्याच तीन गोळ्या जखमेची पट्टी बदलताना लागल्या असत्या, तर रोजची मात्रा वाढवून उपयोग नव्हता. पट्टीच्या अर्धा-पाऊण तास आधी जादा गोळी दिली की भागतं. आणि वहीत 'करंट मारल्यासारखं, आग होते' असं लिहिलं असेल, गोळीनंतरही सातचे सहाच होत असतील, तर दुखणं नसेचं असू शकतं. तिथे मॉर्फिन वाढवलं तर गुंगी वाढते, कळ तशीच राहते. जोडीला वेगळं औषध लागतं. नुसत्या बेरजेतून हा फरक कळत नाही, वेळांतून कळतो.

सुरुवातीची मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. मॉर्फिन आतड्याची हालचालच मंद करतं, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या गोळीच्या दिवशीच सुरू करायचं. बिसाकोडिलच्या ५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रात्री, ही नेहमीची पद्धत. पण त्यांना वेष्टन असतं, त्या कुटायच्या नाहीत. नळी असलेल्याला सोडियम पिकोसल्फेट किंवा लॅक्टुलोजचं पातळ औषध सोयीचं. घरोघरी आधी आठवतो तो इसबगोल. तो इथे नको, कारण त्याला भरपूर पाणी लागतं आणि पाणी कमी जात असेल तर त्याचाच गोळा अडतो.

तीन दिवस संडास झाली नाही तर दवाखान्यात कळवायचं. त्यानंतर अचानक पातळ पाणी गळू लागलं तर घरचे जुलाबाचं औषध थांबवतात, आणि इथेच गफलत होते. अडकलेल्या खड्याच्या कडेने पाणी झिरपत असतं. आधी तपासणी हवी. पोट फुगलं, उलट्या होताहेत, वायूही सरत नाही, तर मात्र जुलाबाचं औषध थांबवून तातडीने दवाखाना गाठायचा.

मे महिन्याच्या उन्हात उलट्या, कमी पाणी, कमी लघवी झाली की मॉर्फिनचे घटक शरीरात साठतात. हातपाय झटके देतात, माणूस भलतं बोलतो. अशा वेळी लगेच डॉक्टरांना फोन. हलवूनही जाग येत नसेल किंवा मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील, तर पुढची गोळी न देता १०८ ला फोन करायचा. मोहाची दारू किंवा कुणाची झोपेची गोळी सोबत घेतली की हा धोका वाढतो.

गोळ्या कुलपात, लेकरांच्या हाताबाहेर. रोज मोजून आकडा वहीत. कोपऱ्यावरच्या औषध दुकानात मॉर्फिन सहसा मिळत नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं, तरी गाडीभाडं चुकत नाही. आठवडाभराच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची चिठ्ठी आणायची, कारण औषध एकाएकी तुटलं तर दुखणं उसळतंच, शिवाय घाम, जुलाब आणि बेचैनी सुरू होते.