‘खोडाळा’चा ‘गोडाळा’ होऊ नये म्हणून

युनिकोडमध्ये ‘ख’चा क्रमांक U+0916, ‘ग’चा U+0917. शेवटचा 6 म्हणजे 0110. त्यातला एकच बिट उलटला की 0111, म्हणजे 7. गावाचे नाव ‘गोडाळा’! वाचायला गोड, पण चूक.

पॅरिटी बिट: गटातल्या 1 ची संख्या सम करणारा जादा बिट. एकटा असेल तर चूक झाली एवढेच कळते, कुठे ते नाही.

हॅमिंग कोड: रिचर्ड हॅमिंग, बेल लॅब्ज, 1950. चार बिटांना तीन पॅरिटी बिट, जागा 1, 2 आणि 4.

उदाहरण: 0110 हे जागा 3, 5, 6, 7 वर ठेवा.

- जागा 1 तपासते 3, 5, 7. तिथे एकच 1, म्हणून पॅरिटी 1.
- जागा 2 तपासते 3, 6, 7. पॅरिटी 1.
- जागा 4 तपासते 5, 6, 7. दोन 1 आधीच आहेत, पॅरिटी 0.

```
पाठवले: 1100110
मिळाले: 1100111
```

आता तिन्ही गटांत 1 ची संख्या विषम येते. चुकलेल्या गटांची बेरीज 1+2+4=7. सातवा बिट उलटवला की ‘ख’ परत.

मर्यादा: दोन बिट उलटले तर बेरीज भलत्याच जागेकडे बोट दाखवते आणि चांगला बिट बिघडतो. सगळ्यांवर मिळून आठवा पॅरिटी बिट ठेवला, तर दुहेरी चूक निदान ओळखता येते. दुरुस्त होत नाही.