सोसायटीला आठवड्याचा अहवाल

शनिवारी संध्याकाळी साइट इंजिनिअर कामाची वही सल्लागाराच्या टेबलावर ठेवतो. रोज किती गवंडी आले, कुठल्या बाजूचं प्लास्टर फोडलं, सिमेंटच्या किती गोण्या लागल्या, कोणी काय तक्रार केली, हे सगळं तीत असतं. सोमवारी हीच माहिती सोसायटीच्या सचिवांकडे जायची असते, पण ती जशीच्या तशी पाठवून चालत नाही. सचिव दिवसभर नोकरी करतात आणि रात्री जेवणानंतर मोबाइलवर वाचतात. काय झालं, काय मागे पडलं, काय बिघडू शकतं आणि आपण काय ठरवायचं आहे, हे त्यांना एका पानात कळायला हवं.

मुंबई उपनगरातली पस्तीस वर्षं जुनी, सात मजली इमारत समजा. बाहेरून दुरुस्ती चालू आहे. पूर्व आणि दक्षिण बाजू पावसाळ्याआधी, उत्तर आणि पश्चिम दिवाळीच्या सुमारास, असं ठरलेलं आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातल्या वहीत एक ओळ आहे : ‘दक्षिणेला प्लास्टर फोडल्यावर कॉलम खराब निघाले, पॉलिमर मॉर्टर खूप वाढणार, अंदाजे सव्वाचार लाख जास्त, काम मागे.’

ही ओळ तशीच ग्रुपवर पडली तर रात्रभर वादावादी होणार. एका ओळीत चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला वेगळं उत्तर लागतं, हे तिच्यातून दिसतच नाही.

आधी, हे होतं का, ते पाहू. काँक्रीटमधल्या सळ्या गंजल्या की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट आतून फुटतं. बाहेरून प्लास्टर शाबूत दिसत असलं तरी आत किती खराबी आहे ते फोडल्याशिवाय नक्की कळत नाही. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर अंदाज बांधता येतो, एवढंच. म्हणून निविदेतलं पॉलिमर मॉर्टरचं माप हा मुळात अंदाज असतो. आपल्या उदाहरणात ते १,२०० चौरस फूट धरलं होतं. पैकी १,००० वापरून झालं. दक्षिणेला अजून ६०० लागणार हे आता मोजून कळलं आहे. उत्तर आणि पश्चिमेला १,००० लागतील असं वाटतं, पण तिथे अजून एक ढलपीही निघालेली नाही.

आता हिशेब मांडा. दर चौरस फुटाला ३०० रुपये धरले तर एकूण वाढ १,४०० फुटांची, म्हणजे ४ लाख २० हजारांची. पण दक्षिणेसाठी खरोखर जास्त लागतात ते ४०० फूट, म्हणजे १ लाख २० हजार. उरलेले ३ लाख अजून शक्यताच आहेत. १ लाख २० हजारांचा निर्णय या आठवड्यात हवा. ३ लाख जोखमीत लिहायचे : ‘उत्तर-पश्चिमेची परांची लागल्यावर ठोकून तपासणी करू, नक्की आकडा तेव्हा देऊ.’ मोठा आकडा लपवायचा नाही, पण त्यावर आज सहीही मागायची नाही. बहुतेक अहवाल इथेच घसरतात. एक तर सगळं एकदम मागून माणसं बिथरवतात, नाही तर ‘थोडी वाढ अपेक्षित’ असं गुळमुळीत लिहून ऑक्टोबरपर्यंत ढकलतात.

विलंबाचं वेगळंच आहे. दक्षिणेचं प्लास्टर २८ एप्रिलला संपायचं होतं, आता ४ मेला संपेल. सहा दिवस गेले. चार दिवस गवंडी लग्नसराईसाठी गावी गेल्याने, दोन दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराचं ग्रिल काढायला परवानगी उशिरा मिळाल्याने. दुसरं कारण सोसायटीच्या पदरातलं आहे आणि ते लिहिताना सल्लागारांचा हात अडखळतो. त्यात आरोप नको, तारखा पुरेत : ग्रिलची परवानगी ८ एप्रिलला मागितली, १० ला मिळाली. पुढे ठेकेदार मुदतवाढ मागेल तेव्हा हीच ओळ कामी येते.

पण ‘सहा दिवस उशीर’ या शब्दांवरून सचिवांना फारसं काही समजत नाही. त्यांना हवी ती किंमत वेगळी आहे. नव्या प्लास्टरवर रंग देण्याआधी ते साधारण चार आठवडे सुकू द्यायचं असतं, नाही तर रंगाला फुगे येतात. हवामान खात्याच्या वेळापत्रकात मुंबईत मॉन्सूनची सरासरी तारीख ११ जून आहे. दक्षिणेच्या रंगाला दहा दिवस लागतात. ११ जूनपासून मागे मोजत गेलं की प्लास्टर संपण्याची शेवटची तारीख निघते ४ मे. म्हणजे हाताशी सहाच दिवस राखीव होते आणि ते संपले. आता पुढचा एक दिवस गेला तरी तो थेट रंगाच्या दिवसांतून जाणार. वळवाचा पाऊस यात धरलेलाच नाही. तोही जोखमीत लिहायचा.

निर्णय मागताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते : तो कोणी घ्यायचा. या सोसायटीत सर्वसाधारण सभेने काम सुरू होतानाच समितीला दीड लाखापर्यंतच्या वाढीव कामाचा अधिकार दिला होता असं समजा. तेव्हा १ लाख २० हजार समितीच्या बैठकीत मंजूर होतात. अधिकार नसता तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागली असती आणि आदर्श उपविधींनुसार तिला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते. तेवढ्यात शिल्लक २०० फुटांचं काम बुधवारीच संपून गवंडी बसून राहिले असते.

मग सोमवारी जाणारा मजकूर असा होतो :

‘प्रगती : पूर्वेचं प्लास्टर पूर्ण, सात दिवस पाणी मारून झालं, आम्ही तपासलं. दक्षिणेचं प्लास्टर फोडून झालं, कॉलमची दुरुस्ती चालू. विलंब : दक्षिण सहा दिवस मागे, नवी तारीख ४ मे, पावसाआधी रंग व्हायचा तर यापुढे सवड नाही. जोखीम : उत्तर-पश्चिमेला आणखी सुमारे ३ लाख लागू शकतात, आकडा परांची लागल्यावर. वळवाचा पाऊस आला तर रंगाचे दिवस वाढतील. आपला निर्णय : दक्षिणेला ४०० चौरस फूट वाढीव पॉलिमर मॉर्टर, १ लाख २० हजार रुपये. मंगळवार, २१ एप्रिलपर्यंत. आमचा सल्ला : मंजुरी द्यावी. न दिल्यास बुधवारनंतर दक्षिणेचं काम थांबेल, तिचा रंग ऑक्टोबरवर जाईल आणि परांचीचं भाडं तोवर चालू राहील.’

या मजकुरात ‘६५ टक्के काम झालं’ असं कुठेच नाही, आणि ते मुद्दाम. टक्के बहुधा बिलाच्या रकमेवरून काढतात. परांची बांधणं, फोडाफोड ही कामं भराभर होतात आणि बिलात चढतात. कॉलमची दुरुस्ती संथ चालते. त्यामुळे आकडा आधी झपाट्याने वाढतो, मग आठवडेच्या आठवडे नव्वदवर अडून बसतो. ‘पूर्वेचं प्लास्टर पूर्ण’ हे मात्र सचिवांना गच्चीतून वाकून स्वतः पाहता येतं.

पुढच्या सोमवारी सगळ्यात वर एकच ओळ लागते : मागच्या आठवड्यात मागितलेल्या निर्णयाचं काय झालं. मंजूर झाला असेल तर ठरावाची तारीख. झाला नसेल तर तोच प्रश्न, तितक्याच शब्दांत, पण थांबलेल्या दिवसांचा आणि भाड्याचा आकडा बदलून.