फोटोतला पांढरा पक्षी हंस, पेकिन की मस्कोव्ही? नाताळच्या खरेदीआधी चोचीकडे झूम करा

वसई : डिसेंबर जवळ आला की वसईच्या गावांमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पक्ष्यांचे फोटो फिरायला लागतात. नाताळच्या जेवणात बदकाचं मोईल अनेक घरांत ठरलेलं असतं, कुणाला टर्की हवी असते, तर कुणाला वाडीत सोडायला हंसांची जोडी. पूर्वी माणूस विकणाऱ्याच्या अंगणात जाऊन पक्षी हातात उचलून बघायचा. आता फोटो येतो, खाली ‘हंस जोडी, अर्जंट’ एवढंच लिहिलेलं असतं आणि आगाऊ पैसे मागितले जातात. पक्षी घरी आला की कळतं, हा हंस नाही, मोठं बदक आहे.

गोंधळ बहुतेक वेळा पांढऱ्या पक्ष्यांमध्येच होतो. पेकिन बदक पांढरं, मस्कोव्ही बदक पांढरं असू शकतं, चिनी हंसही पांढरा असतो. अंगणात तिघं सोबत उभे असले तर लहान मूलही फरक सांगेल. एकटा पक्षी, मागे हिरवं गवत आणि शेजारी काहीच नाही, अशा फोटोत मात्र जाणकारही फसतो. म्हणून आधी रंग बाजूला ठेवायचा आणि चोच बघायची.

बदकाची चोच चपटी आणि रुंद असते, पुढे जाऊनही रुंदच राहते. हंसाची चोच डोक्याजवळ उंच आणि जाड असते, टोकाकडे निमुळती होते. बाजूने बघितली तर जवळजवळ त्रिकोणी दिसते. कारण खाण्याच्या पद्धतीत आहे. बदक बावखलातल्या चिखल-पाण्यातून दाणा, किडा गाळून खातं, त्याला पसरट चोच लागते. हंस गवत खुडून खातो, त्याला पकड हवी असते. टर्कीची चोच कोंबडीसारखी छोटी आणि वाकडी, त्यामुळे तिची या दोघांशी गल्लत होत नाही.

आपल्याकडे ‘हंस’ म्हणून विकला जातो तो बहुतेक वेळा चिनी हंस. त्याची खूण एकदम सोपी आहे. चोच जिथे कपाळाला मिळते, तिथे टेंगूळ असतं. पांढऱ्या जातीत चोच आणि टेंगूळ दोन्ही नारिंगी. तपकिरी जातीत दोन्ही काळी, आणि मानेच्या मागच्या बाजूने डोक्यापासून खाली गडद तपकिरी पट्टा उतरलेला दिसतो. नराचं टेंगूळ मादीपेक्षा मोठं असतं. एम्बडेन ही युरोपातली जातही पांढरी आणि नारिंगी चोचीची, पण तिला टेंगूळ नसतं आणि अंगाने ती चिनी हंसापेक्षा बरीच भारी असते. म्हणजे टेंगूळ नाही म्हणून लगेच ‘हा हंस नाही’ असं म्हणता येत नाही. तिथे चोचीचा त्रिकोणी आकार आणि मानेची लांबी बघावी लागते.

आता मस्कोव्ही. सगळ्यात जास्त फसगत करणारा पक्षी हाच. मूळचा दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला, बाकीच्या पाळीव बदकांपासून वेगळ्या प्रजातीचा. त्याच्या डोळ्याभोवती आणि चोचीच्या बुडाशी लाल, खडबडीत, चामखिळीसारखं मांस असतं. नरात ते इतकं वाढतं की अर्धा चेहरा लालच दिसतो. घाईत बघणाऱ्याला ते टेंगूळ वाटतं आणि मग मस्कोव्ही नर हंसाच्या भावात विकला जातो. फरक लक्षात ठेवायचा तो असा : हंसाचं टेंगूळ गुळगुळीत, एकच आणि चोचीच्या रंगाचं. मस्कोव्हीचं मांस लाल, ओबडधोबड आणि डोळ्यापर्यंत पसरलेलं. अंग लांब आणि जमिनीला समांतर, शेपूट लांब व पसरट, पायाला धारदार नख्या. मान हंसासारखी लांब नसते.

पेकिनच्या चेहऱ्यावर यातलं काहीच नसतं. तो स्वच्छ पांढरा किंवा किंचित दुधाळ, चोच आणि पाय नारिंगी-पिवळे. अंग पुढून थोडं उचललेलं असतं. शेपटीवर एक-दोन पिसं वर कुरळी वळलेली दिसली तर तो मोठा नर. मस्कोव्हीच्या नराला अशी कुरळी पिसं नसतात. मांसासाठी पाळली जाणारी विगोवा बदकंही याच पांढऱ्या गटात मोडतात. फोटोवरून पेकिन आणि विगोवा वेगळे सांगण्याचा दावा कुणी केला तर त्यावर फार विश्वास ठेवू नये.

एक उदाहरण घेऊ. ग्रुपवर फोटो आला आहे. पांढरा पक्षी अंगणात उभा, शेजारी पाण्याची बादली, खाली ‘हंस, पूर्ण वाढलेला, ८ किलो’. फोटो मोठा करून आधी चोच बघितली. ती चपटी आहे, बुडाशी लाल मांस दिसतं आणि ते डोळ्यापर्यंत गेलेलं आहे. इथेच उत्तर जवळजवळ मिळालं, तरी पुढे बघायचं. मान उभी धरलेली असूनही आखूड आहे. शेपूट लांब, कुरळं पीस नाही. हा मस्कोव्ही नर.

मग आठ किलोचं काय? मस्कोव्ही नर साधारण साडेचार ते सहा किलोपर्यंत भरतो, मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास. पेकिन साडेतीन-चार किलोचा. चिनी हंसही पाच किलोच्या आसपासच असतो, म्हणजे ‘चिनी हंस, ८ किलो’ असं लिहिलं असेल तरी शंका यायलाच हवी. बादलीकडे परत बघितलं तर ती पक्ष्याच्या मागे दोन-तीन हात लांब ठेवलेली आहे. कॅमेरा खाली जमिनीलगत धरून पक्षी पुढे घेतला की बादली लहान आणि पक्षी राक्षसासारखा दिसतो. यात दर वेळी लबाडी असतेच असं नाही, मोबाईल जवळ नेला की असंच होतं. आकार ठरवायचा तर पक्षी आणि ओळखीची वस्तू एका रेषेत हव्यात. त्याहून बरं म्हणजे शेजारी माणूस उभा करायला सांगायचं. मान वर केलेल्या पेकिनचं डोकं मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या आसपास येतं, हंसाचं मांडीपर्यंत जातं.

हे सगळं फक्त भावापुरतं नाही. जात चुकली की अंडी वाया जातात. पेकिन, खाकी कॅम्पबेल, गावठी बदक यांची अंडी साधारण २८ दिवसांत फुटतात. मस्कोव्हीच्या अंड्यांना ३५ दिवस लागतात. पेकिन समजून आणलेल्या मस्कोव्ही मादीची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली आणि तिसाव्या दिवशी ‘काही निघत नाही’ म्हणून फेकून दिली, तर आत जिवंत पिल्लं असतात. फेकण्याआधी अंधारात मोबाईलचा टॉर्च अंड्याला लावून बघावं. आत गडद गोळा आणि हालचाल दिसली तर थांबायचं. दुसरं नुकसान थोडं उशिरा कळतं. मस्कोव्ही आणि पेकिन यांची जोडी जमते, पिल्लंही होतात, अंगाला चांगली भरतात. पण त्या पिल्लांची पुढे वीण होत नाही. खाण्यासाठी ठीक, पैदाशीसाठी नाही.

ज्यांना अंडी हवी आहेत त्यांनी पांढऱ्या बदकाच्या मागे लागू नये. अंड्यांसाठी नाव आहे खाकी कॅम्पबेलचं. मादी सगळी मातकट-खाकी, दोन किलोच्या आसपास, चोच गडद हिरवट. नराचं डोकं हिरवट-ब्राँझ झाक मारतं. चांगल्या सांभाळात मादी वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. गावठी बदकही तपकिरी असतं, पण त्याच्या अंगावर ठिपके, रेघा, कधी पांढरा गळा असा मिश्र रंग असतो. फोटोतल्या कळपात प्रत्येक मादी वेगळ्या रंगाची दिसली तर तो शुद्ध खाकी कॅम्पबेलचा कळप नव्हे.

टर्कीत प्रश्न वेगळा. डोकं-मान उघडी, चोचीवरून लोंबणारा मांसल कोंब, गळ्याखाली लाल कातडी, त्यामुळे टर्की ओळखू येतेच. प्रकार ओळखायला रंग बघायचा. ब्राँझ टर्कीचा रंग काळपट आणि त्यावर तांब्याची झाक. रुंद छातीच्या ब्राँझमध्ये मादीच्या छातीवरच्या काळ्या पिसांची टोकं पांढरी असतात, नराची छाती एकसारखी काळी. बारा आठवड्यांनंतर या खुणेवरून नर-मादी सांगता येतात. मोठ्या नराच्या छातीतून काळ्या केसांचा झुपकाही लोंबतो, पक्षी पांढरा असला तरी झुपका काळाच.

पांढऱ्या टर्कीत मात्र फोटो हात टेकतो. बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाईट आणि रुंद छातीची मोठी पांढरी टर्की दिसायला सारखीच, फरक फक्त आकाराचा. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेची ‘कॅरी विराट’ ही जातही पांढरीच. अशा वेळी वय आणि वजन दोन्ही विचारावं. वीस आठवड्यांचा भारी जातीचा नर सात-आठ किलोचा असतो, मादी साडेचार-पाच किलोची. याच वयाचा ‘मोठ्या जातीचा’ म्हटलेला नर चार किलोचा असेल तर एकतर जात वेगळी, नाहीतर वय चुकीचं.

पिल्लांच्या फोटोवर सौदा करूच नये. पेकिन आणि पांढरी मस्कोव्ही, दोन्हींची पिल्लं पिवळी धम्मक असतात. मस्कोव्हीचं लाल मांस आणि हंसाचं टेंगूळ लहानपणी नसतंच, वाढीबरोबर येतं. तरुण मस्कोव्ही मादीच्या चेहऱ्यावरही लाली जेमतेम असते. शंका उरली तर फोटोऐवजी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आवाजासकट मागवावा. बदकाची मादी मोठ्याने क्वॅक-क्वॅक करते, पेकिनचा नर घोगरा, बसल्या आवाजात. मस्कोव्ही नर फक्त फुसफुसतो. हंस लांबून ऐकू जाईल असा कर्कश ओरडतो आणि अनोळखी माणूस दिसला की मान लांब करून अंगावर धावतो.

एक फोटो मात्र दिसला तरी घेण्याच्या भानगडीत पडू नये. तपकिरी खवल्यांसारखी पिसं, काळी चोच, चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके. हे हळदी-कुंकू बदक, पाणथळीवरचं जंगली. त्याला पकडणं आणि विकणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. विकणारा ‘गावठीच आहे’ म्हणाला तरी चोचीवरचं हळदीकुंकू लपत नाही.